सगळेच पाद्री: क्वेकरांची मूक उपासना आणि आतला प्रकाश

१६५२ च्या उन्हाळ्यातली गोष्ट. इंग्लंडच्या वायव्य टोकाला अल्व्हरस्टन नावाचं गाव आहे. तिथल्या चर्चमध्ये लोक प्रार्थनेला जमले होते. स्तोत्र गाऊन झालं आणि एक अनोळखी तरुण बाकावर उभा राहिला. मला बोलू द्याल का, असं त्यानं विचारलं. पाद्र्यानं परवानगी दिली. तो तरुण होता जॉर्ज फॉक्स, लेस्टरशरमधल्या एका विणकराचा मुलगा. लहानपणी तो चांभारकामाला उमेदवार म्हणून राहिला होता, पुढे घर सोडून गावोगाव फिरू लागला. त्या दिवशी तो जे बोलला त्याचा आशय असा: ख्रिस्त काय म्हणाला ते तुम्ही सांगता, त्याचे शिष्य काय म्हणाले तेही सांगता, पण तुम्हाला स्वतःला काय सांगायचं आहे? तुम्ही जे बोलता ते तुमच्या आतून, ईश्वराकडून आलेलं आहे का?

समोरच्या बाकावर मार्गारेट फेल बसली होती. नवरा न्यायाधीश, जवळच स्वार्थमूर हॉल हा मोठा वाडा, पदरी मुलंबाळं. हे ऐकून ती आधी उभी राहिली, मग खाली बसून रडू लागली. तिनं पुढे लिहून ठेवलंय की त्या क्षणी तिला आपण सगळे चोर आहोत असं वाटलं. बायबलमधले शब्द आपण उचलले, पण ते ज्या अनुभवातून आले त्यातलं आपल्यापाशी काहीच नाही. मध्येच एका अधिकाऱ्यानं फॉक्सला बाहेर काढायला सांगितलं, तेव्हा त्याला बोलू द्या असं म्हणणारीही तीच होती. नवरा कामासाठी परगावी होता. परतताना वाटेतच शेजाऱ्यांनी त्याचे कान भरले, की तुमच्या घरावर कुणीतरी मोहिनी घातली आहे. न्यायाधीश फेल घरी आले, त्यांनी फॉक्सचं म्हणणं ऐकून घेतलं आणि वाड्यात सभा भरवायला परवानगी दिली. ते स्वतः कधीच क्वेकर झाले नाहीत. मात्र सभा चालू असताना ते शेजारच्या खोलीत दार उघडं ठेवून बसत, असं सांगतात.

क्वेकरांची उपासना समजून घ्यायची तर मला फॉक्सच्या त्या प्रश्नापासूनच सुरुवात करावीशी वाटते. क्वेकर म्हटलं की लोकांना आधी त्यांचं मौन आठवतं: खोलीत माणसं बसली आहेत, वेदी नाही, क्रूस नाही, वाद्य नाही, कुणी पुढे उभं राहून बोलत नाही. पण मौन हे त्यांचं ध्येय कधीच नव्हतं. ‘तुम्हाला स्वतःला काय सांगायचं आहे’ हा प्रश्न एकदा मनापासून घेतला की उसने शब्द बाजूला ठेवावे लागतात. उसने शब्द ठेवून दिले की बराच वेळ काहीच उरत नाही. क्वेकरांची शांतता आली ती इथून.

त्या काळचं इंग्लंड डोळ्यांसमोर आणलं तर यातलं बंड लक्षात येतं. यादवी युद्ध नुकतंच होऊन गेलं होतं, राजा चार्ल्सचा १६४९ मध्ये शिरच्छेद झाला होता. तरीही प्रत्येक गावातल्या शेतकऱ्याला पिकाचा दहावा भाग चर्चसाठी द्यावाच लागे. पाद्री आवडो न आवडो, त्याचं प्रवचन पटो न पटो. हा पाद्री बहुधा ऑक्सफर्ड किंवा केंब्रिजला शिकलेला असे, आणि तोच त्याच्या अधिकाराचा पुरावा मानला जाई. विद्यापीठात शिकल्यानं कुणी ईश्वराचा सेवक होत नाही, हे फॉक्सला विशीतच उमगलं होतं. मनाची घालमेल घेऊन तो पाद्र्यांकडेच गेला होता आणि कुणाच्याच बोलण्यानं त्याचं समाधान झालं नव्हतं. १६४७ मध्ये सगळ्या माणसांवरची आशा संपल्यावर त्याला आतून जाणवलं, की आपल्या अवस्थेला उत्तर देणारा एकच आहे आणि तो थेट बोलतो. मध्ये कुणाची गरज नाही.

‘कुणाची गरज नाही’ हे फॉक्स आणि त्याच्या सोबत्यांनी अगदी शेवटापर्यंत ताणलं. पगारी पाद्री गेला. पाण्यानं होणारा बाप्तिस्मा गेला, कारण खरा बाप्तिस्मा आत होतो. भाकर आणि द्राक्षरसाचा विधीही गेला. लग्नात आजही वधूवर सभेत उभे राहून एकमेकांना स्वतःच वचन देतात आणि हजर असलेली सगळी माणसं, लहान मुलंसुद्धा, दाखल्यावर सही करतात. लग्न लावून देणारा कुणी नसतोच.

मौनात बसणारी माणसं फॉक्सला आयती मिळाली. वेस्टमोरलंडच्या डोंगराळ भागात ‘सीकर’ म्हणजे शोधक म्हणवणारे काही गट होते. कोणतंच चर्च खरं वाटत नाही म्हणून ते एकत्र येऊन शांत बसत, वाट बघत. जून १६५२ मध्ये फरबँक फेल या उघड्या माळावर फॉक्स त्यांच्यापुढे सुमारे तीन तास बोलला. हजारभर लोक होते. क्वेकर चळवळीनं मूळ धरलं ते तिथे. आरंभीच्या सभा सगळ्याच शांत असत असंही नाही. माणसं रडत, थरथरत, मोठ्यानं बोलत. ‘क्वेकर’ म्हणजे थरथरणारा, हे नाव आधी हिणवण्यासाठीच पडलं. ते स्वतःला ‘फ्रेंड’ म्हणत आणि आजही म्हणतात.

त्यांच्या बोलण्यातला मुख्य शब्द होता प्रकाश. योहानाच्या शुभवर्तमानाच्या सुरुवातीलाच जगात येणाऱ्या प्रत्येक माणसाला उजळणाऱ्या खऱ्या प्रकाशाचा उल्लेख आहे. फॉक्सनं त्यातला ‘प्रत्येक’ हा शब्द शब्दशः घेतला. प्रत्येक म्हणजे बाप्तिस्मा झालेला नव्हे, शिकलेला नव्हे, पुरुष नव्हे, ख्रिस्ती सुद्धा नव्हे. प्रत्येक. १६७२ मध्ये तो अमेरिकेत कॅरोलायनाला गव्हर्नरच्या घरी उतरला होता. तिथे एक डॉक्टर वाद घालू लागला, की हा प्रकाश तिथल्या मूळ रहिवाशांमध्ये असूच शकत नाही. फॉक्सनं तिथल्याच एका रहिवाशाला बोलावलं आणि विचारलं: तू खोटं बोललास किंवा कुणाचं वाईट केलंस तर तुझ्या आत काही आहे का, जे तुला दटावतं? तो म्हणाला, आहे. मला वाईट वागल्याची लाज वाटते. फॉक्सनं वाद तिथेच थांबवला.

या प्रसंगात दोन गोष्टी दिसतात. एक म्हणजे प्रकाशाच्या सार्वत्रिकतेबद्दल त्याला असलेली खात्री. दुसरी गोष्ट अनेकदा निसटते: प्रकाशाची ओळख पटवायला त्यानं कोणता अनुभव निवडला? आनंदाचा नाही, शांतीचा नाही; चूक दिसण्याचा. सुरुवातीच्या क्वेकरांच्या लेखनात हा प्रकाश आधी त्रासदायकच असतो. तो पहिल्यांदा दाखवतो ते आपलंच लपवलेलं. त्यापुढे टिकून राहिलं, पळ काढला नाही, तर तोच बदलण्याचं बळ देतो आणि मग शांती येते. आज ‘आतला प्रकाश’ म्हटलं की आपल्यातलं जे सुंदर आहे ते फुलवणं असा गोड अर्थ सहज घेतला जातो. त्या पहिल्या पिढीला तो अर्थ अपुरा वाटला असता.

मग ही सदसद्विवेकबुद्धीच म्हणायची का? स्कॉटलंडच्या रॉबर्ट बार्कलेनं याचं उत्तर दिलं. क्वेकरांमधला हा पहिला मोठा तत्त्वचिंतक. त्यानं आपला मुख्य ग्रंथ १६७६ मध्ये आधी लॅटिनमध्ये छापला. त्याच्या मते विवेकबुद्धी म्हणजे कंदील आणि प्रकाश म्हणजे त्यातली मेणबत्ती. कंदिलाची काच धुरकट होऊ शकते. संस्कार, सवय, स्वार्थ, भीती यांनी विवेक बिघडतो, आणि बिघडलेला विवेक अगदी खात्रीनं चुकीचं सांगतो. गुलाम बाळगणाऱ्या सज्जन माणसाला रात्री शांत झोप लागते ती यामुळेच. ज्योत मात्र माणसाची नाही. ती त्याच्यात आहे, पण त्याची मालकीची नाही. बार्कलेच्या दृष्टीनं ती ख्रिस्ताची ज्योत होती, आणि ख्रिस्ताचं नावही न ऐकलेल्या माणसाला ती वाचवू शकते असं त्याचं म्हणणं होतं. सतराव्या शतकातल्या युरोपात हे म्हणणं फार धाडसाचं होतं.

आता प्रत्यक्ष सभेत काय घडतं ते पाहू. ब्रिटनमधली रविवार सकाळची सभा साधारण तासाभराची असते. खुर्च्या किंवा बाकं गोलाकार किंवा चौकोनात मांडलेली, मध्ये एक टेबल, त्यावर बहुधा फुलं, बायबल आणि क्वेकरांच्या अनुभवांचं एक संकलन. पहिला माणूस येऊन बसला की सभा सुरू झाली. घोषणा नाही. पहिली दहा-पंधरा मिनिटं स्थिरावण्यात जातात. खोकला, उशिरा येणाऱ्यांची पावलं, घरी राहिलेली कामं. या शांततेला आपल्याकडच्या ध्यानासारखं समजण्याचा मोह होतो, पण दोन्हींत फरक आहे. इथे श्वासावर लक्ष ठेवायला सांगत नाहीत, मंत्र देत नाहीत, मन रिकामं करायचीही सक्ती नसते. शिवाय ही एकट्यानं करायची साधना नव्हे. सगळ्यांनी मिळून कान द्यायचे असतात, आणि जे ऐकू येईल ते कुणाच्याही तोंडून येऊ शकतं.

समजा, अशा सभेत एका बाईच्या मनात विसाव्या मिनिटाला काही येतं. शेजारणीशी झालेलं भांडण, त्यात स्वतःनं धरलेला हट्ट, आणि क्षमा मागणं इतकं जड का जातं हा विचार. तिनं लगेच उठायचं नसतं. जुन्या क्वेकरांनी शिकवलेल्या काही कसोट्या ती मनात लावते. हे फक्त माझ्यासाठी आहे की इथल्या सगळ्यांसाठी? ते आज, आत्ताच सांगण्याचं आहे का? बोलले नाही तर ते विरून जाईल की पुन्हा येईल? पुष्कळदा विचार विरून जातो, आणि तेच बरं असतं. पण कधी तो जात नाही. छाती धडधडू लागते, गप्प बसणं बोलण्यापेक्षा अवघड होतं. तेव्हा ती उभी राहते, दोन-तीन मिनिटं बोलते आणि बसते. कुणी मान डोलवत नाही, उत्तर देत नाही. मध्ये पुरेसा वेळ जाऊ द्यायचा, म्हणजे बोललेलं आत उतरेल. नंतर कदाचित कोपऱ्यातले एक वृद्ध गृहस्थ उठतात आणि वेगळ्याच प्रसंगातून त्याच ठिकाणी पोचतात. कधी कुणीच उठत नाही. तास संपला की दोन ज्येष्ठ सदस्य हात मिळवतात, मग सगळे शेजाऱ्यांशी हात मिळवतात, सूचना सांगितल्या जातात, चहा होतो.

सभेला जाताना मी बोलणारच असं ठरवून जाऊ नये, आणि मी कधीच बोलणार नाही असंही ठरवू नये, हा क्वेकरांचा जुना सल्ला आहे. त्यातला दुसरा भाग मला पहिल्याइतकाच महत्त्वाचा वाटतो. पाद्री असला की बाकीच्यांना नुसतं श्रोते राहता येतं. पाद्री काढून टाकल्यावर ती मुभा कुणालाच उरत नाही. क्वेकरांनी पुरोहितपद रद्द केलं यापेक्षा ते खोलीतल्या प्रत्येकाच्या गळ्यात घातलं, असं म्हणणं खरं ठरेल. प्रत्येकाच्या म्हणजे बायकांच्याही. फॉक्सच्या पहिल्या सहकाऱ्यांमध्ये एलिझाबेथ हूटन ही प्रवचन करणारी बाई होती. मार्गारेट फेलनं १६६६ मध्ये, तुरुंगात असताना, स्त्रियांनी धर्मसभेत बोलणं कसं योग्य आहे हे बायबलच्याच आधारानं मांडणारी पुस्तिका प्रसिद्ध केली.

ही पद्धत बिघडते कशी, हे क्वेकरांना चांगलं ठाऊक आहे. एकानं सकाळच्या बातम्यांवर मत मांडलं, दुसऱ्यानं त्याला उत्तर दिलं, तिसऱ्यानं दुरुस्ती केली की उपासनेची चर्चा होते. एकच गृहस्थ दर रविवारी, त्याच वेळेला, तेच बोलतात. दोन बोलण्यांमध्ये अंतरच राहत नाही. याच्या उलट बिघाडही आहे: अठराव्या शतकात कित्येक सभा आठवडेच्या आठवडे पूर्ण शब्दहीन जात, कारण आपल्या इच्छेचा अंशही मिसळला जाईल या भीतीनं कुणी तोंडच उघडत नसे. हे सांभाळायला काही सदस्यांवर सभेची काळजी सोपवलेली असते. ते कुणाला नंतर बाजूला घेऊन दोन शब्द सांगतात, क्वचित भर सभेत उठून, आपण हे शांततेत घेऊ या, असंही म्हणतात. पूर्वी ज्यांच्या बोलण्यात खोली आहे अशा स्त्री-पुरुषांची ‘मिनिस्टर’ म्हणून नोंदही होत असे. पगार नसे, पदवी नसे, पण मान होता. ब्रिटनमध्ये ही नोंद १९२४ मध्ये बंद झाली. नोंदीतही पुरोहितपणाची बीजं असतात, हे त्यांना पटलं होतं.

मौनाचा एक परिणाम कुणी योजलेला नव्हता. ही उपासना बंद पाडता येईना. १६६४ च्या कायद्यानं घरच्या माणसांखेरीज सोळा वर्षांवरील पाच किंवा अधिक जणांनी अधिकृत पद्धतीबाहेरच्या उपासनेसाठी जमणं गुन्हा ठरला. पाद्री धरून नेला की इतर पंथांची सभा मोडे. क्वेकरांकडे धरून न्यायला विशेष असं कुणी नव्हतं. सभागृहाला कुलूप लावलं तर ते दारासमोर रस्त्यावर उभे राहत. ब्रिस्टलमध्ये १६८२ साली जवळजवळ सगळे मोठे तुरुंगात गेले, तेव्हा मुलांनी सभा चालू ठेवल्या आणि त्यासाठी मारही खाल्ला.

पण सरकारपेक्षा मोठा धोका आतून आला होता. प्रत्येकात प्रकाश आहे आणि मध्ये कुणी नाही, तर उद्या कुणी म्हणालं की प्रकाशानं मला अमुक करायला सांगितलं, तर त्याला अडवायचं कुणी? या प्रश्नानं क्वेकरांना चळवळीच्या पाचव्याच वर्षी गाठलं, आणि त्यांचं पुढचं सगळं वळण त्यातून ठरलं असं मला वाटतं.

जेम्स नेलर हा यॉर्कशरचा शेतकरी. पार्लमेंटच्या सैन्यात त्यानं नोकरी केली होती. वक्ता म्हणून तो फॉक्सच्या तोडीचा, लंडनमध्ये तर त्याच्याहून लोकप्रिय. काही अनुयायांनी त्याला जवळजवळ देवपण देऊन टाकलं होतं. ऑक्टोबर १६५६ मध्ये भर पावसात, चिखलातून तो घोड्यावर बसून ब्रिस्टल शहरात शिरला. येशू यरुशलेममध्ये शिरला तसा. सोबतचे स्त्री-पुरुष वस्त्रं अंथरत होते, होसान्ना गात होते. नेलरचं म्हणणं असं, की हा मान जेम्सला नाही, प्रत्येक माणसात असलेल्या ख्रिस्ताला आहे. मी फक्त त्याची खूण दाखवली. तर्क क्वेकरांचाच होता, फक्त टोकाला नेलेला. पार्लमेंटनं कित्येक दिवस हेच प्रकरण चालवलं. फाशीची सूचना ८२ विरुद्ध ९६ मतांनी फेटाळली गेली. मग शिक्षा ठरली: लंडनच्या रस्त्यांतून फटके, तापल्या लोखंडानं जीभ भोसकणं, कपाळावर ईश्वरनिंदेची खूण म्हणून ‘बी’ हे अक्षर डागणं, त्यानंतर कैद. १६५९ मध्ये तो सुटला. फॉक्सशी फार कष्टानं त्याचा समेट झाला आणि पुढच्याच वर्षी, उत्तरेकडे घरी जाताना वाटेत लुटला गेला आणि मेला. शेवटच्या काळातलं त्याचं लेखन फार कोवळं आणि पश्चात्तापानं भरलेलं आहे. मला तो ढोंगी वाटत नाही. आपल्या आतल्या आवाजात दुसऱ्यांची स्तुती कधी मिसळली, हे त्याला कळलं नाही इतकंच.

यावर सोपा उपाय होता: पाद्री परत आणणं, किंवा अंतिम शब्द फॉक्सचा मानणं. क्वेकरांनी दुसराच मार्ग काढला आणि तो त्यांच्या मूळ श्रद्धेतूनच निघाला. प्रकाश प्रत्येकात असला तरी तो एकच आहे. तुझ्यात एक आणि माझ्यात दुसरा असे प्रकाश नाहीत. म्हणून एकाला जे दिसलं ते खरोखर प्रकाशातलं असेल तर धीर धरून बसलेल्या बाकीच्यांनाही कालांतरानं ते ओळखता आलं पाहिजे. ओळखता येत नसेल तर थांबावं. त्यामुळे एखाद्याला आतून काही करण्याची हाक आली, प्रवासाला जाण्याची, काही छापण्याची, तर त्यानं ती सभेपुढे ठेवावी अशी रीत पडली. १६६० च्या दशकात फॉक्सनं गावोगाव मासिक सभांची घडी बसवली. १६७३ पासून लंडनमधली एक समिती क्वेकरांचं लेखन छापण्यापूर्वी तपासू लागली. यात काही हरवलंही. सुरुवातीची धग कमी झाली, सावधपणा वाढला. पण चळवळ टिकली.

क्वेकरांच्या कामकाजाच्या सभा आजही याच पायावर चालतात. मतदान होत नाही. ‘क्लार्क’ नावाचा सदस्य विषय मांडतो, माणसं एकेक करून बोलतात, मध्ये शांतता ठेवतात. सभेचा कल कुठे जमतो आहे ते ओळखून क्लार्क तिथल्या तिथे ठरावाचा मसुदा लिहून वाचतो. सगळ्यांना तो आपला वाटला तर झालं. नाही तर विषय पुढच्या सभेला. हे सर्वसंमतीसारखं दिसतं, पण त्यांच्या मते तडजोड शोधायची नसते. ईश्वराला इथे काय हवं आहे, ते मिळून शोधायचं असतं. एकटा माणूस विरोधात असला तरी तो बरोबर असू शकतो, हे सर्वांनी धरून चालायचं.

असं एकट्यानं बरोबर असणं किती लांबतं, ते जॉन वुलमन या माणसाच्या आयुष्यात दिसतं. हा न्यू जर्सीतल्या माउंट हॉलीचा शिंपी आणि दुकानदार. विशीत असताना मालकानं त्याला एका काळ्या बाईच्या विक्रीचा कागद लिहायला सांगितला. विकत घेणारा वयस्क क्वेकरच होता. वुलमननं कागद लिहिला, पण लिहितानाच दोघांना सांगितलं की गुलाम बाळगणं मला ख्रिस्ती धर्माशी विसंगत वाटतं. त्याच्या मनाला ते लागून राहिलं. पुढे असा कागद लिहायला त्यानं नकार दिला. फिरतीवर गुलाम बाळगणाऱ्यांच्या घरी उतरला की तो त्या गुलामांच्या कष्टाचे पैसे देऊन निघे. यजमानाला ते ओशाळवाणं होई, पण तो भांडत नसे.

फिलाडेल्फियाच्या क्वेकरांपुढे हा प्रश्न नवा नव्हता. १६८८ मध्येच जर्मनटाउनच्या काही क्वेकरांनी गुलामगिरीविरुद्ध लेखी निषेध नोंदवला होता, आणि प्रश्न फार वजनदार आहे असं म्हणून तो वरच्या सभेकडे, तिथून आणखी वरच्या सभेकडे ढकलला गेला होता. बेंजामिन ले या कुबड असलेल्या, बुटक्या, निर्भय माणसानं १७३८ मध्ये भर सभेत पोकळ पुस्तकात लपवलेल्या लालभडक रसाच्या पिशवीत तलवार खुपसून गुलाम बाळगणाऱ्यांवर तो रस उडवला होता. त्याला बाहेर काढण्यात आलं. १७५८ च्या वार्षिक सभेत वुलमन बराच काळ गप्प बसून होता. विषय आणखी लांबणीवर टाकावा असा सूर निघू लागला तेव्हा तो उठला. गुलामांच्या आक्रोशाकडे ईश्वराचं लक्ष आहे आणि कुणाच्या तरी स्वार्थासाठी आपण कर्तव्य टाळत बसलो तर त्याचा जाब द्यावा लागेल, असा त्याच्या बोलण्याचा आशय होता. त्या दिवशी सभेचा कल फिरला. गुलाम बाळगणाऱ्या सदस्यांच्या घरोघरी जाऊन त्यांच्याशी बोलायला माणसं नेमली गेली, त्यात वुलमनही होता. खरेदी-विक्री करणाऱ्यांना कामकाजातून दूर ठेवायचं ठरलं. पुढची अठरा वर्षं हे बोलणं चाललं आणि १७७६ मध्ये फिलाडेल्फियाच्या वार्षिक सभेनं सदस्यांना गुलाम बाळगायलाच बंदी केली. वुलमन त्याआधी चार वर्षं, इंग्लंडमध्ये यॉर्क इथे, देवीच्या आजारानं गेला होता.

जर्मनटाउनच्या त्या कागदापासून मोजलं तर ८८ वर्षं. या काळात किती माणसं गुलाम म्हणून जन्मली आणि मेली, याचा विचार केला की सगळ्यांना प्रकाश दिसेपर्यंत थांबण्याची किंमत कोण चुकवतं, हे विचारावंच लागतं. ती किंमत सभेत बसलेल्यांनी मोजली नाही. पण दुसरी बाजूही खरी आहे. गुलाम बाळगणारे श्रीमंत क्वेकर त्याच सभेत, त्याच बाकांवर बसत होते, आणि मतदानानं हरवले गेले असते तर बहुधा वेगळं चर्च काढून मोकळे झाले असते. एकेका घरी जाऊन बसल्यामुळे त्यातल्या पुष्कळांनी गुलाम स्वतःहून मुक्त केले.

आज जगातले बहुसंख्य क्वेकर मूक उपासना करतच नाहीत, हे वाचून अनेकांना आश्चर्य वाटेल. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतल्या क्वेकरांमध्ये फूट पडली, मध्य-पश्चिमेकडच्या अनेक सभांनी पाद्री आणि गाणी स्वीकारली, आणि त्यांचे मिशनरी १९०२ मध्ये केनियात कैमोसीला पोचले. आता केनियात सर्वांत जास्त क्वेकर आहेत आणि त्यांच्या रविवारच्या उपासनेत पाद्री असतो, प्रवचन असतं, खुल्या गळ्यानं गायलेली गाणी असतात. ब्रिटनच्या मूक सभांत मात्र आज ईश्वर या कल्पनेबद्दलच साशंक असलेले सदस्यही बसतात. प्रकाश म्हणजे नेमकं काय, यावर या दोघांचं एकमत होणं कठीण आहे. भारतात क्वेकर मोजकेच आहेत. त्यांच्या जुन्या कामाचं केंद्र होशंगाबादजवळ रसूलिया इथे होतं. आपल्याकडच्या वाचकांना जवळचं नाव म्हणजे मार्जरी साइक्स. या इंग्रज क्वेकर बाईंनी वर्ध्याजवळ सेवाग्रामला नई तालीमच्या शिक्षकांना घडवण्यात कित्येक वर्षं घालवली.

फिलाडेल्फियाच्या गोष्टीत एक पान राहिलं. गुलाम बाळगायला बंदी झाल्यानंतरही साठ वर्षांनी तिथल्या आर्च स्ट्रीटच्या सभागृहात काळ्या माणसांसाठी वेगळं बाक राखलेलं होतं. सारा मॅप्स डग्लस ही शिक्षिका लहानपणापासून आईबरोबर तिथे जात असे. दोघी त्या बाकावर बसत. १८३० च्या दशकात परिचितांना लिहिलेल्या पत्रांत तिनं सांगितलंय, की कुणी नवखं माणूस चुकून तिथे बसायला आलं तर त्याला सांगण्यात येई, हे बाक काळ्यांसाठी आहे. एका सकाळी तिनं हे वाक्य पुन्हापुन्हा ऐकलं. एवढ्या शांत खोलीत ते सगळ्यांनाच ऐकू गेलं असणार. तिची आई तरीही जात राहिली, सारा मात्र पुढे तिथे जाईनाशी झाली.